आरक्षित रेल्वे तिकीट कसं वाचायचं? डबा, बर्थ, कोटा आणि बोर्डिंग स्टेशनबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तिकीट हातात आलं की बहुतेक जण तारीख आणि बर्थ नंबर बघतात आणि तिकीट ठेवून देतात. गोंधळ मात्र बहुतेक वेळा बाकीच्या मजकुरातून होतो. गाडी मध्यरात्रीनंतर येते म्हणून तारीख चुकते, SL चा अर्थ भलताच लावला जातो, RAC पुढचा आकडा बर्थ नंबर समजला जातो. म्हणून या पानावर सगळी उत्तरं एकाच तिकिटाच्या आधाराने दिली आहेत. तिकीट नमुन्याचं आहे, गाडी खरी आहे: कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी ११०३९ महाराष्ट्र एक्सप्रेस. आई, वडील आणि मुलगा असे तिघं अहिल्यानगरला चढून नागपूरला जाणार आहेत, पण तिकीट पुण्यापासून काढलेलं आहे.

```
Booked From  PUNE JN       Start Date*  12-Nov
Boarding At  AHILYANAGAR   Departure*   13-Nov
To           NAGPUR
11039 MAHARASHTRA EXP    Class 3A    Quota GN

   Booking Status    Current Status
1  CNF/B2/20/LB      CNF/B2/20/LB
2  RAC/14            RAC/11
3  RAC/15            RAC/12
```

Booked From आणि Boarding At यांत फरक काय? दोन्ही ठिकाणी वेगळी स्टेशनं का?

Booked From म्हणजे भाडं जिथून आकारलं ते स्टेशन. Boarding At म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष जिथे चढणार ते. बहुतेक तिकिटांवर दोन्हीकडे एकच नाव असतं, म्हणून याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आपल्या नमुन्यात ती वेगळी आहेत, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. गाडीतल्या जागा सगळ्या स्टेशनांना सारख्या वाटलेल्या नसतात. गाडी सुटते तिथला वाटा सगळ्यात मोठा असतो, वाटेतल्या काही मोठ्या स्टेशनांना वेगळा वाटा असतो आणि लहान स्टेशनांना मिळून एक छोटासा वाटा असतो. त्यामुळे आपल्या गावापासून वेटिंग दिसत असताना आधीच्या मोठ्या स्टेशनापासून जागा शिल्लक असू शकते. या कुटुंबाने तसंच केलं. तिकीट पुण्यापासून काढलं आणि बोर्डिंग अहिल्यानगर ठेवलं. हे पूर्णपणे नियमात बसतं. फक्त भाडं पुण्यापासूनचं भरावं लागतं. तिकिटावर किलोमीटरचा आकडा असतो, तोही पुणे ते नागपूर याच अंतराचा असेल. न केलेल्या पुणे-अहिल्यानगर प्रवासाचे पैसे परत मिळत नाहीत.

मग पुण्यालाच चढलो तर काय बिघडलं? भाडं तर तिथपासूनचं भरलंय.

बिघडतं. बोर्डिंग स्टेशन बदलून घेतलं की आधीच्या स्टेशनावरून चढण्याचा हक्क जातो. टीसीकडच्या यादीत तुमच्या नावापुढे अहिल्यानगर असतं. बदललेलं बोर्डिंग तसंच ठेवून पुण्याला चढलात, तर पुणे ते अहिल्यानगर या टप्प्याचं भाडं दंडासह द्यावं लागू शकतं, भाडं एकदा भरलेलं असलं तरी.

उलटी चूक याहून जास्त वेळा होते आणि जास्त महागात पडते. तिकीट पुण्यापासून काढलेलं असतं, बोर्डिंगही पुणेच राहिलेलं असतं, आणि माणूस मनाशी ठरवतो की मी अहिल्यानगरला चढेन, बर्थ आपलाच आहे. टीसी पुणे सुटल्यावर डब्यात येतो, तुमची जागा रिकामी दिसते आणि तुम्ही आला नाहीत अशी नोंद होते. आता बऱ्याच गाड्यांत टीसीच्या हातात छोटं यंत्र असतं, त्यात नोंद पडली की तो बर्थ RAC किंवा वेटिंगमधल्या पुढच्या प्रवाशाला जातो. तुम्ही अहिल्यानगरला चढता तेव्हा तिथे दुसरं कुणी झोपलेलं असतं आणि त्याचंही म्हणणं बरोबर असतं. त्या वेळी टीसीशी हुज्जत घालून हाती फारसं काही लागत नाही.

म्हणून पुढच्या स्टेशनावर चढायचं असेल तर चार्ट लागण्याआधी बोर्डिंग बदलून घ्या. ई-तिकीट असेल तर ज्या खात्यातून काढलं तिथून बदलता येतं, खिडकीवरचं तिकीट असेल तर आरक्षण खिडकीवर. ऑनलाइन हा बदल एकदाच करता येतो, त्यामुळे स्टेशन नीट ठरवूनच बदला.

तिकिटावर १२ तारीख पण आहे आणि १३ पण. स्टेशनवर कधी जायचं?

Boarding At शेजारच्या Departure ला. तुमच्या कामाची तारीख तीच.

महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून १२ तारखेला दुपारी निघते, रात्री पुण्याला येते आणि अहिल्यानगरला पोचेपर्यंत मध्यरात्र उलटून गेलेली असते. गाडी तीच, पण कॅलेंडरवर १३ तारीख लागलेली. म्हणजे या कुटुंबाने १२ तारखेला रात्री जेवून, सामान घेऊन घरातून निघायचं आहे. १३ तारखेची गाडी म्हणून १३च्या रात्री गेले, तर त्यांना दिसेल ती दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून निघालेली गाडी. तिच्यात त्यांचं नाव नसतं.

रात्री बारा ते पहाटे चारच्या दरम्यानची वेळ दिसली की एक काम आवर्जून करावं: तारखेशेजारी वार लिहून ठेवावा. "बुधवारची रात्र संपून गुरुवार लागल्यावर" असं घरातल्या सगळ्यांना सांगितलं की घोळ होत नाही. वडीलधारी माणसं एकटी प्रवास करणार असतील तर हे नक्की करा.

याच तारखेमुळे तत्काळ चुकतं असं ऐकलं. ते कसं?

तत्काळ आरक्षण प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडतं. एसी वर्गांसाठी सकाळी १० वाजता, बाकीच्यांसाठी ११ वाजता. पण हा "प्रवासाचा दिवस" तुमच्या स्टेशनावरचा धरला जात नाही, गाडी जिथून सुटते तिथला धरला जातो.

आपल्याच उदाहरणात बघा. अहिल्यानगरला गाडी १३ तारखेला येते, पण कोल्हापूरहून ती १२ला निघते. म्हणून तिचं तत्काळ ११ तारखेला उघडेल. "आपला प्रवास १३चा, तत्काळ १२ला" असा हिशेब करून १२च्या सकाळी बसलात, तर एक दिवस उशीर झालेला असतो आणि बहुतेक जागा आदल्याच दिवशी गेलेल्या असतात. लांबून येणाऱ्या, दोन रात्री वाटेत काढणाऱ्या गाड्यांत हा फरक दोन दिवसांचाही होतो. तेव्हा आधी गाडीचं वेळापत्रक उघडून तुमच्या स्टेशनापुढे "दिवस" या रकान्यात १ आहे, २ आहे की ३, ते बघा.

तारखेपुढची चांदणी कशासाठी?

दिलेली वेळ तिकीट काढतानाच्या वेळापत्रकाप्रमाणे आहे, एवढं सांगण्यासाठी. वेळापत्रक मधल्या काळात बदलू शकतं. निघण्याच्या दिवशी १३९ वर किंवा रेल्वेच्या NTES या ॲपवर वेळ पुन्हा पाहावी.

CNF/B2/20/LB हे कसं वाचायचं?

डावीकडून एकेक तुकडा घ्या. CNF म्हणजे जागा पक्की. B2 हा डबा. २० हा बर्थ नंबर. LB म्हणजे खालचा बर्थ.

डब्याचं पहिलं अक्षर वर्ग सांगतं. S म्हणजे स्लीपर, B म्हणजे थ्री टायर एसी, M म्हणजे थ्री टायर इकॉनॉमी, A म्हणजे टू टायर एसी, H म्हणजे फर्स्ट एसी. बसायच्या डब्यांत C म्हणजे एसी चेअर कार आणि D म्हणजे साधी सेकंड सीटिंग. कधी कधी HA किंवा AB अशी जोडाक्षरं दिसतात. ते अर्धे-अर्धे डबे असतात, HA मध्ये फर्स्ट आणि टू टायर, AB मध्ये टू टायर आणि थ्री टायर.

अक्षरापुढचा आकडा म्हणजे त्या वर्गातला कितवा डबा. B2 म्हणजे इंजिनापासून दुसरा डबा नव्हे. B2 गाडीच्या मधोमध असू शकतो, शेवटाकडेही असू शकतो, आणि वाटेत इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं तर क्रमच उलटा होतो. फलाटावरच्या पाटीवर डबा कुठे थांबणार ते बघूनच उभं राहा. अहिल्यानगरसारख्या स्टेशनावर गाडी थोडाच वेळ थांबते, आणि रात्री दीडच्या सुमाराला सामान घेऊन दहा डबे धावत जाणं कुणालाच सोसत नाही.

बर्थ नंबरवरून खालचा की वरचा हे ओळखता येतं का?

स्लीपर आणि थ्री टायर एसीमध्ये येतं. तिथे आठ-आठ बर्थचा एक खण असतो. पहिल्या खणात १ आणि ४ खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७ साइड लोअर आणि ८ साइड अप्पर. नंतर ९ पासून तोच क्रम पुन्हा सुरू होतो. म्हणून नंबरला आठने भागा आणि बाकी बघा. २० ला भागलं तर बाकी ४, म्हणजे खालचा. तिकिटावर LB आहे, जुळलं. २३ असता तर बाकी ७, साइड लोअर. २४ ला बाकी शून्य उरते, म्हणजे आठवा, साइड अप्पर.

टू टायर एसीमध्ये मधला बर्थ नसतो, म्हणून तिथे खण सहाचा. १ आणि ३ खालचे, २ आणि ४ वरचे, ५ साइड लोअर, ६ साइड अप्पर. थ्री टायरचा आठचा हिशेब इथे लावला तर उत्तर चुकतं. २० नंबर टू टायरमध्ये सहाने भागल्यावर बाकी २ देतो, म्हणजे वरचा बर्थ. नंबर तोच, जागा वेगळी. थ्री टायर इकॉनॉमीची आणि काही गाड्यांतल्या वेगळ्या डब्यांची रचना टोकांना थोडी निराळी असते, तिथे आकडेमोड करत बसू नका, तिकिटावर छापलेली अक्षरं प्रमाण माना.

तिकिटावर एकीकडे SL आहे म्हणजे स्लीपर ना? मग बर्थपुढेही SL का?

रेल्वेने एकच अक्षरजोडी दोन कामांना वापरली आहे. वर्गाच्या रकान्यात SL असेल तर स्लीपर क्लास. बर्थ नंबरच्या शेजारी SL असेल तर साइड लोअर. त्यामुळे 3A च्या तिकिटावर CNF/B2/23/SL दिसलं तर स्लीपरचं तिकीट दिलंय असं समजून घाबरू नका. डबा B2 आहे, म्हणजे थ्री टायर एसीच आहे. शंका आली की नेहमी डब्याच्या अक्षराकडे बघा, ते फसवत नाही.

बाकीची अक्षरं सरळ आहेत: LB खालचा, MB मधला, UB वरचा, SU साइड अप्पर. चेअर कारमध्ये WS म्हणजे खिडकीची जागा. काही तिकिटांवर अक्षरांऐवजी LOWER, MIDDLE असे पूर्ण शब्द येतात. NO CHOICE असं दिसलं तर तिकीट काढताना पसंती दिलेली नव्हती, किंवा त्या वर्गात ती लागू नव्हती, एवढाच अर्थ.

RAC/14 म्हणजे १४ नंबरचा बर्थ?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. RAC पुढचा आकडा रांगेतला क्रमांक असतो. १४ नंबरच्या बर्थवर जाऊन बसलात तर तिथला प्रवासी तुम्हाला उठवेल आणि ते रास्तच आहे.

RAC चा अर्थ असा की प्रवास नक्की आहे, बसायला जागा नक्की आहे, झोपायला पूर्ण बर्थ मात्र अजून नक्की नाही. साइड लोअर बर्थ दोघांमध्ये वाटून दिला जातो, प्रत्येकाला एक-एक बाजू. भाडं पूर्ण घेतात. कुणी कन्फर्म तिकीट रद्द केलं की रांग पुढे सरकते आणि RAC मधल्या पहिल्याला पूर्ण बर्थ मिळतो.

आता आपल्या नमुन्यातल्या आई आणि मुलाकडे या. तिकीट काढलं तेव्हा त्यांचे क्रमांक १४ आणि १५ होते, म्हणून Booking Status मध्ये ते कायम तसेच राहतील. चार दिवसांनी तिकीट पुन्हा उघडलं तेव्हा Current Status मध्ये ११ आणि १२ दिसले. म्हणजे तीन जागा पुढे सरकल्या आणि आईच्या पुढे आता दहा जण आहेत. समजा चार्ट लागल्यावर PNR तपासला तर असं दिसलं:

```
1  CNF/B2/20/LB
2  CNF/B2/23/SL
3  RAC/B4/31
```

आईला पूर्ण बर्थ मिळाला, २३ नंबर, साइड लोअर, वडिलांच्याच खणात समोर. मुलगा अजून RAC मध्येच आहे, पण आता त्याच्या पुढचा आकडा रांगेचा राहिलेला नाही. चार्ट लागल्यावर RAC पुढे डबा आणि बर्थ येतो. B4 डब्यात ३१ नंबर, आठने भागल्यावर बाकी ७, म्हणजे साइड लोअर, दुसऱ्या कुणाबरोबर अर्धा-अर्धा. मुलाने B4 मध्येच चढावं आणि टीसी आला की विचारावं. कुणी आलं नसेल तर रिकामा बर्थ RAC वाल्यालाच आधी मिळतो.

एकाच तिकिटावरच्या तिघांचे डबे वेगळे झाले म्हणून तिकिटात चूक आहे असं नाही. PNR एक असला तरी जागा एकेकाला स्वतंत्र मिळते.

Booking Status आणि Current Status यांतला कुठला खरा मानायचा?

Current Status, पण तोही तुम्ही बघितला त्या क्षणापुरता. छापलेला कागद किंवा फोनमधला जुना फोटो तेव्हाची स्थिती दाखवतो, आजची नाही. शेवटचा शब्द चार्टचा. पहिला चार्ट गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधी लागतो, सकाळच्या गाड्यांचा तर आदल्या दिवशीच, त्यामुळे घरातून निघायच्या आधी PNR तपासायला पुरेसा वेळ असतो.

पक्कं तिकीट असलं तरी तपासा. तिकीट काढताना ऑटो अपग्रेडेशनला होकार दिलेला असेल आणि वरच्या वर्गात जागा रिकामी असेल, तर जास्तीचे पैसे न घेता तुम्हाला वरच्या वर्गात हलवलं जाऊ शकतं. तिकिटावर S5 आणि चार्टमध्ये B1. अशा वेळी S5 मध्ये जाऊन बसलात तर ती जागा दुसऱ्याची असेल. फर्स्ट एसीच्या तिकिटावर तर बऱ्याचदा फक्त CNF असतं. केबिन मिळणार की दोघांचं कूपे, हे चार्टच्या वेळी ठरतं.

GNWL, RLWL, PQWL यांत चांगलं कुठलं?

GNWL चांगलं. गाडी सुटते त्या स्टेशनापासूनच्या किंवा त्याच्या जवळपासच्या मोठ्या वाट्याची ही रांग असते. वाटा मोठा म्हणून रद्द होणारी तिकिटंही जास्त आणि रांग लवकर सरकते.

RLWL ही वाटेतल्या मोठ्या स्टेशनांसाठीची वेगळी रांग. त्यांना दिलेल्या मोजक्या जागांपैकी कुणी रद्द केली तरच ती हलते. PQWL मध्ये अनेक लहान स्टेशनं मिळून एकच छोटा वाटा असतो आणि सगळे त्याच वाट्यावर डोळा ठेवून असतात. म्हणून GNWL/20 आणि PQWL/20 सारखे नाहीत. आकडा एकच असला तरी पहिल्याची आशा धरता येते, दुसऱ्याचं मी तरी दुसरी सोय करून ठेवेन. स्टेशन बदलून तिकीट काढण्याची जी युक्ती वर सांगितली तिचं कारण हेच. आधीच्या स्टेशनापासून पाहिलं की कधी कधी PQWL च्या जागी RAC किंवा थेट जागा दिसते.

TQWL ही तत्काळची रांग. तत्काळमध्ये RAC नसतं. एक तर जागा मिळते, नाही तर वेटिंगच राहतं.

चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर?

ई-तिकिटावरचे सगळेच प्रवासी वेटिंगमध्ये राहिले तर तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. ते तिकीट घेऊन गाडीत चढणं म्हणजे विनातिकीट प्रवास. तिकिटावरच्या एकाला जरी CNF किंवा RAC मिळालं असेल तर ते आपोआप रद्द होत नाही. खिडकीवर काढलेलं वेटिंग तिकीटही आपोआप रद्द होत नाही, ते वेळेत परत करावं लागतं, आणि आरक्षित डब्यात त्यावर बसता येत नाही.

Quota च्या रकान्यात GN, SS, LD असं काय काय असतं?

GN म्हणजे सर्वसाधारण. बहुतेकांच्या तिकिटावर हेच असतं. TQ म्हणजे तत्काळ, PT म्हणजे प्रीमियम तत्काळ, ज्यात मागणी वाढेल तसं भाडं चढतं. LD एकट्या प्रवास करणाऱ्या किंवा लहान मुलासह जाणाऱ्या स्त्रियांसाठी. HP दिव्यांग प्रवाशांसाठी.

यातला SS नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी तो खरंच उपयोगी पडतो. हा खालच्या बर्थचा कोटा. ६० किंवा त्याहून जास्त वयाचे पुरुष आणि ४५ किंवा त्याहून जास्त वयाच्या स्त्रिया एकटे किंवा दोघं मिळून प्रवास करत असतील तर तो लागू होतो. यात भाड्याची सवलत नाही. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे SS दिसला म्हणून भाडं कमी लागलं असेल असं धरू नका.

आपल्या कुटुंबाने तिघांचं एकच तिकीट काढलं, म्हणून त्यांना SS मिळाला नाही. आई-वडिलांचं वेगळं आणि मुलाचं वेगळं काढलं असतं, आणि दोघंही वयात बसत असते, तर SS मध्ये जागा आहे का ते बघता आलं असतं. GN मधूनही वयस्कर प्रवाशांना आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रियांना खालचा बर्थ द्यायचा प्रयत्न संगणक आपणहून करतो, पण तो जागा शिल्लक असेल तरच. पसंती म्हणून खालचा बर्थ निवडणं आणि SS कोट्यातून तिकीट काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुलाच्या नावापुढे NOSB आलंय. तिकीट नीट झालं का?

झालं. ५ ते ११ वर्षांच्या मुलासाठी वेगळा बर्थ न मागता अर्धं भाडं भरलं की असं येतं. मुलाने मोठ्यांच्या बर्थवरच झोपायचं. वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं लागतं, हा नियम एप्रिल २०१६ पासून आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला बर्थ नको असेल तर तिकीटच लागत नाही.

मुंबईच्या तिकिटावर कुठलं स्टेशन ते कसं ओळखायचं?

नावावर न जाता कोड वाचा. CSMT म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, LTT म्हणजे कुर्ल्याजवळचं लोकमान्य टिळक टर्मिनस, MMCT म्हणजे मुंबई सेंट्रल, BDTS म्हणजे वांद्रे टर्मिनस. दादरचे तर दोन कोड आहेत, मध्य रेल्वेचं DR आणि पश्चिम रेल्वेचं DDR. फलाट जवळजवळ असले तरी गाड्या वेगळ्या. LTT ची गाडी पकडायला CSMT वर गेलात तर तिथून टॅक्सीने वेळेत पोचणं अवघड आहे. अशा वेळी गाडी पुढे ठाण्याला किंवा कल्याणला थांबते का हे आधीच पाहून ठेवलेलं बरं, आणि तिथूनच चढायचं पक्कं असेल तर बोर्डिंगही आधीच बदलून घ्यावं.

खिडकीवरच्या छापील तिकिटावर हे सगळं कुठे असतं?

तिथे मजकूर तोच, मांडणी दाटीवाटीची. PNR वरच्या कोपऱ्यात, दहा आकडी. COACH खाली डबा, SEAT/BERTH खाली नंबर आणि त्याला चिकटून LB, UB वगैरे. RESV UPTO म्हणजे जागा कुठपर्यंत राखीव आहे ते स्टेशन. BOARDING खाली चढायचं स्टेशन. छपाई फिकी पडते आणि घडीवर अक्षरं पुसतात, म्हणून तिकीट मिळाल्याबरोबर खिडकीसमोरच नावं, तारीख, वर्ग आणि बोर्डिंग वाचून घ्या आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. फोटो प्रवासाला चालत नाही, मूळ कागदच लागतो, पण PNR तपासायला तो उपयोगी पडतो. ई-तिकिटाचं उलट आहे. तिथे फोनमधलं तिकीट किंवा संदेश चालतो, पण तिकिटावरच्या निदान एका प्रवाशाचं मूळ ओळखपत्र जवळ हवं.

मधला बर्थ माझा आहे, तर दिवसा बसायचं कुठे?

खालच्या बर्थवर. झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६ धरली जाते. त्या वेळेत मधला बर्थ उघडता येतो आणि खालच्याला झोपू द्यावं लागतं. बाकीच्या वेळात मधला बर्थ मिटवायचा आणि खाली तिघांनी बसायचं. साइड अप्परवाल्यालाही दिवसा साइड लोअरवर बसायची जागा असते. आपल्या नमुन्यातली मंडळी रात्री दीडला चढतात तेव्हा वडिलांच्या २० नंबरवर कुणी बसून असेल, तर तिकीट दाखवून शांतपणे जागा मागायची. तरीही उठत नसेल तर टीसीला बोलवा, टीसी सापडत नसेल तर १३९ ला फोन करून PNR, डबा आणि बर्थ नंबर सांगा.